प्रतिसाद: अवमूल्यन आणि डॉलरमधील कर्ज

«चलन स्वस्त झाले की निर्यात वाढते; मग देश अडचणीत का येतो?»

निर्यात वाढायला काही महिने लागतात, कर्जाचा आकडा मात्र त्याच दिवशी फुगतो. इंडोनेशियात १९९७ च्या मध्यास डॉलरला सुमारे २,४०० रुपिया पडत. जानेवारी १९९८ मध्ये दर १०,००० च्या पलीकडे गेला. समजा, देशांतर्गत विक्री करणाऱ्या एखाद्या कंपनीची मालमत्ता ४०० कोटी रुपियांची आणि कर्ज दहा लाख डॉलरचे, म्हणजे २४० कोटींचे, होते; ते कर्ज १,००० कोटींवर गेले आणि कंपनीचे नक्त मूल्य उणे झाले. त्यातच परदेशी बँकांनी अल्पमुदतीच्या कर्जांचे नूतनीकरण थांबवल्याने सारे कर्जदार एकदमच डॉलर खरेदी करू लागले, आणि त्या खरेदीनेच रुपिया आणखी घसरला. निर्यातदारांनाही खेळते भांडवल मिळेनासे झाले, हे मला सर्वांत घातक वाटते.