बेल्ट, स्ट्रॅप, नी स्लीव्ह: आत्ताच घेऊ का?

नवशिक्या_68: वजन 68 किलो, जिमला आठ महिने झाले. स्क्वॉट 80 किलो, डेडलिफ्ट 100 किलो, दोन्ही पाच-पाचचे तीन सेट. डेडलिफ्टच्या तिसऱ्या सेटला बार बोटांतून निसटतो. ट्रेनर म्हणतो तिन्ही घेऊन टाक. घेऊ का?

मातीतला_गडी: काही नको. आमच्या तालमीत लंगोटावर हजार बैठका मारतात. बेल्ट बांधला की पोट आळशी होतं.

बारबेलताई: दादा, बेल्ट म्हणजे पाठीला टेकू नव्हे. श्वास भरून पोट चहूबाजूंनी त्यावर दाबायचं, त्या दाबाने कणा स्थिर राहतो. पोट काम करतच असतं. हे दाबणं येत नसेल तर बेल्ट नुसता पट्टा.

नवशिक्या, तुझी अडचण पकडीची आहे, म्हणून आधी पैसे चॉकवर घाल. 60 आणि 80 चे वॉर्म-अप नुसत्या हाताने, 100 चे पहिले दोन सेट चॉक लावून. तिसऱ्यातही निसटलं तर तेवढ्याला स्ट्रॅप. नाहीतर पाठ दमायच्या आधी बोटंच सेट संपवतात. पण पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत उतरायचं असेल तर तिथे स्ट्रॅप चालत नाही, पकड वेगळी कमवावी लागेल.

शिवाजीनगरचा_सुहास: मी बेंचला मनगटाला बांधतो, दुखणं थांबलं. जरूर घे.

बारबेलताई: ते रॅप, सुहास. मनगट मागे वाकू देत नाहीत. स्ट्रॅप बारला गुंडाळतात.

नवशिक्या_68: आणि बेल्ट?

बारबेलताई: आधी 70 चे पाच स्क्वॉट बेल्टशिवाय मार, बाजूने व्हिडिओ काढ. खाली जाताना पाठ गोल होत असेल तर बेल्ट थांबव. ठीक असेल तर दोन आठवडे 60-65 वर बेल्ट बांधून फक्त पोट दाबायला शीक. मग रोजच्या सर्वांत जड सेटलाच बांध, बाकी सगळे बेल्टशिवाय. बांधून पूर्ण श्वास भरता येत नसेल तर फार आवळलाय. कंबरेच्या हाडावर वळ उठले तर खाली बसलाय, थोडा वर घे. रक्तदाब असेल तर श्वास कोंडायच्या आधी डॉक्टरांना विचार.

गुडघेदुखी_52: मला स्लीव्हशिवाय जिना चढवत नाही! 7 मिलिमीटरवाली घे.

बारबेलताई: काका, स्लीव्हने सांधा गरम राहतो, थोडा आवळ मिळतो, बरं वाटतं. पण घातल्यावर दुखणं गायब आणि काढल्यावर परत, तर वजन वाढवू नका, गुडघा दाखवा. या पोराचा गुडघा दुखत नाहीये, त्याला आत्ता गरज नाही.

मातीतला_गडी: बेल्टचं पटलं म्हणा. पण स्ट्रॅप लावला की पकड कधीच येणार नाही, लिहून ठेवा. आमचे पोरगे दोरीवर चढतात.

बारबेलताई: दोरी चढवा की, नाही कोण म्हणतंय? पण पाठीचा तिसरा सेट त्यासाठी का सोडायचा?

मातीतला_गडी: कारण एकदा सोय झाली की पहिल्या सेटलाच पट्टा हातात येतो. मी पाहिलेत असे.