‘बेखबरी’ला मराठीत काय म्हणावं?

पैठणकर: खुलताबादच्या सहलीआधी आठवीच्या पोरांना सिराज औरंगाबादींचा (१७१५–१७६३) शेर मराठीत सांगायचाय.

‘ख़बर-ए-तहय्युर-ए-इश्क़ सुन न जुनूँ रहा न परी रही
न तो तू रहा न तो मैं रहा जो रही सो बेख़बरी रही’

बाकी जमलं, ‘बेखबरी’ला अडलो. ‘बेसावधपणा’ लिहिलं, तर एक सहकारी म्हणाले, हे रस्ता ओलांडताना सांगतात!

गोदातीर: ‘उन्मनी’ म्हणा. घरचा शब्द असताना फारशी कशाला उसनी आणायची?

मानवतची: आमची आजी ‘लेकरू बेखबर झोपलंय’ म्हणायची. तिला फारशी कुणी शिकवली होती?

जुनाट वही: ‘उन्मनी’ योग्यांचा शब्द. तो घातला की प्रियकर उंबऱ्याबाहेरच राहतो. परीनं झपाटलं की माणूस वेडा होतो, ही जुनी समजूत. इथं वेडही गेलं आणि झपाटणारीही. प्रेमात पडलेल्यालाही हे पटतं, दर्ग्यात बसलेल्यालाही.

देशमुख: सूफींत परी म्हणजे देवच. विषय संपला.

जुनाट वही: मग ‘न परी रही’ म्हणजे देवच गेला का? निम्मं बरोबर आहे तुमचं, पण असा एकास एक कोष्टक लावला की शेर मरतो. आपेगावच्या ज्ञानेश्वरांची विराणी बघा. ‘चंदनाची चोळी माझे सर्व अंग पोळी’ इथवर कुठलीही विरहिणी बोलेल. शेवटी मात्र ‘दर्पणी पाहतां रूप न दिसे वो आपुलें’. विरहात चेहरा उतरतो, आरशातून नाहीसा होत नाही. अर्थ तिथं कलंडतो. लगेच ‘बापरखुमादेवीवरें’ म्हणून करणाऱ्याचं नावही येतं. सिराज शेरात नाव घेत नाहीत, दार उघडंच ठेवतात.

परभणीचा जावई: ‘घनु वाजे’ ना? माझ्या लग्नात लावलं होतं. मामा भडकले, अभंगावर वरात काढता का म्हणून.

मानवतची: ‘शुद्धी’ कशी वाटते? मारुती सीतेची शुद्धी आणायला गेला, म्हणजे खबरच की! आणि शुद्ध हरपणं तर आहेच. शेर खबरीपासून बेखबरीपर्यंत जातो, तसं शुद्धीपासून बेशुद्धीपर्यंत जाता येईल.

जुनाट वही: वा! हे मला सुचलं नव्हतं.

पैठणकर: जोडी सुरेख आहे, ताई. पण ‘बेशुद्ध’ म्हटलं की पोरांना सलाईन दिसणार.

गोदातीर: मग ‘बेभान’ करा. शुद्ध मराठी.

मानवतची: त्यातला ‘बे’ फारशीच आहे, काका.

गोदातीर: भान तर आपलं ना?

परभणीचा जावई: ते राहू द्या. मामांचं बरोबर होतं की माझं?