मदत हवी आहे: कर्जे फुगू नयेत म्हणून व्याजदर आधीच चढे ठेवावेत का?

वेताळटेकडी: शुक्रवारी प्रबंधाचे सादरीकरण आहे. दर दीर्घकाळ कमी राहिले की लोक झेपेल त्याहून अधिक कर्ज काढतात, म्हणून महागाई आटोक्यात असतानाही मध्यवर्ती बँकेने दर थोडे चढे ठेवावेत, असे मी लिहिले होते. मार्गदर्शकांनी समासात ‘स्वीडन?’ एवढेच लिहून प्रत परत केली. कृपया लवकर सांगावे.

चक्रवाढ: आपला प्रबंध भारताविषयी आहे का? आणि कर्ज घरांचे की उद्योगांचे?

वेताळटेकडी: अर्थात भारत, आणि गृहकर्जे.

कर्वेनगरकर: माझेच पाहा. 2021 मध्ये महिना 45 हजारांचा हप्ता झेपत होता. 9 टक्क्यांनी तेवढ्यात 50 लाखच मिळाले असते. 7 टक्क्यांनी 58 लाख मिळाले, म्हणून बाणेरला एक खोली अधिक घेतली. पुढे दर चढले. माझा सल्ला एकच: बोनस आला की आधी मुद्दल फेडावे.

चक्रवाढ: प्रश्न मुद्दल फेडण्याचा नव्हता, पण उदाहरण नेमके आहे. मुद्दल 58 लाखच धरले, तर 9 टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याजच 43,500 होते आणि जुन्या हप्त्यातून मुद्दलाकडे जेमतेम दीड हजार जातात.

आता स्वीडन. तिथल्या रिक्सबँक या मध्यवर्ती बँकेने जुलै 2010 ते जुलै 2011 या काळात दर 0.25 वरून 2 टक्क्यांवर नेला, आणि घरगुती कर्जे हे त्यामागचे एक कारण होते. तिचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर लार्स स्वेन्सन यांचा विरोध असा, की दर वाढवल्याने नवी कर्जे थोडी मंदावतात, जुना साठा मात्र फारसा हलत नाही; उलट महागाई अपेक्षेहून खाली गेली की त्याच कर्जाचे ओझे खऱ्या अर्थाने वाढते. पुढे महागाई शून्याच्या आसपास आली आणि फेब्रुवारी 2015 मध्ये दर उणे करावा लागला.

पर्वती_पायथा: म्हणजे व्याजदराचा कर्जाशी संबंधच नाही, हे सिद्ध झाले.

चक्रवाढ: तसे मुळीच नाही; कर्वेनगरकरांची जास्तीची खोली त्या संबंधातूनच आली. वाद उपायाचा आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दराला हात न लावता विनातारण ग्राहककर्जांवरील जोखीम-भार, म्हणजे त्या कर्जांमागे बँकेने किती भांडवल राखायचे ते ठरवणारे माप, 100 वरून 125 टक्के केला आणि गृहकर्जे त्यातून वगळली.

निवृत्त_शाखाधिकारी: हे साधन मर्यादित आहे. एका खिडकीवर भार वाढवला की कर्जदार दुसऱ्या खिडकीवर जातो. सोने तारण ठेवून तोच खर्च भागवणारे मी शाखेत पाहिले आहेत. दर मात्र सगळ्याच फटींत शिरतो. शिवाय 2010 मध्ये स्वीडनची अर्थव्यवस्था जोमाने सावरत होती, हे स्वेन्सन यांचे समर्थक सोयीस्करपणे विसरतात.

वेताळटेकडी: मग शीर्षक बदलू का?

चक्रवाढ: आधी सांगा, दर वाढवल्यावर जुन्या कर्जाचे काय होते, याचा हिशेब प्रबंधात कुठे आहे?