मदत हवी आहे: ए.आर. मॉडेलची ऑर्डर वाढवू की गोंगाट वजा करू?

नमस्कार मंडळी. पंपाच्या कंपनाच्या 400 नमुन्यांवरून सरासरी वजा करून ऑटोकोरिलेशन काढलं:

r(0)=1, r(1)=0.5, r(2)=−0.35, r(3)=−0.80

पहिल्या तीन किमती यूल-वॉकर समीकरणांत घातल्या:

0.5 = a1 + 0.5·a2
−0.35 = 0.5·a1 + a2

यातून a1=0.9, a2=−0.8 आणि उरलेल्या त्रुटीचं व्हेरियन्स 0.27 येतं. म्हणजे स्पेक्ट्रम असा:

S(ω) = 0.27 / |1 − 0.9e^(−jω) + 0.8e^(−2jω)|²

त्याचं शिखर ω = 60° च्या आसपास, म्हणजे सॅम्पलिंग वारंवारतेच्या साधारण सहाव्या भागावर येतं. पंपाच्या बाबतीत ते पटतं.

अडचण पुढे आहे. हेच मॉडेल r(3) = 0.9·(−0.35) − 0.8·0.5 = −0.715 सांगतं, मोजलेली किंमत −0.80 आहे. तिसरा परावर्तन गुणांक त्यामुळे −0.31 होतो. 2/√400 = 0.1 या मर्यादेपेक्षा तो बराच मोठा, तेव्हा हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

माझा संशय सेन्सरच्या पांढऱ्या गोंगाटावर आहे, कारण तो फक्त r(0) फुगवतो. r(0) मधून 0.05 वजा केले तर a2 सुमारे −0.89 होतो, r(3) −0.795 येतो आणि शिखर जास्त टोकदार होतं. पण 0.1 वजा केले की a2 −1 च्या पलीकडे जातो, पोल वर्तुळाबाहेर पडतात आणि स्पेक्ट्रमला अर्थच उरत नाही.

पंप बंद ठेवून गोंगाट मोजायची सोय नाही. मग किती वजा करायचं हे r(4), r(5) वरून ठरवता येईल का? की सरळ तिसरी ऑर्डर घ्यावी? प्रत्यक्ष कंपनांवर हे केलेल्यांनी कृपया सांगा.