सल्ला हवा: रांगा तीन, जादा माणसं दोन. एजिंग चार्ट बघून कुठं बसवू?

पंचगंगेकाठी:
नमस्कार मंडळी. शेतीपंपांच्या तक्रारी हाताळणाऱ्या ऑफिसात मी टीम लीड आहे, शिरोली एमआयडीसीत. पुराचं पाणी उतरल्यापासून तक्रारी वाढल्यात, म्हणून साहेबांनी महिन्याभरासाठी दोन जादा माणसं मंजूर केलीत. उद्या सांगायचंय कुणाला कुठं बसवायचं.

डॅशबोर्डवर तक्रारींच्या तीन रांगांचं आज सोमवारी सकाळी दिसलं ते असं. नवी नोंद: पेंडिंग ४२०, रोज साधारण १४० येतात, तितक्याच निघतात. वॉरंटी तपासणी: पेंडिंग १६०, रोज ३८ येतात, ३० निघतात. सुटे भाग: पेंडिंग ९५, त्यातल्या ६० पंधरा दिवसांपेक्षा जुन्या, रोज १२ येतात आणि १२ निघतात.

साहेबांचं म्हणणं, दोघांनाही नव्या नोंदीवर टाका, ४२० चा आकडा वर मीटिंगमध्ये बरा दिसत नाही. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट मांडता येईना. तक्रारी किती दिवस जुन्या आहेत ते दाखवणारे असे एजिंग चार्ट तुम्ही कसे वाचता?

राजारामपुरीचा_भावा:
ताई, साहेबांचं बरोबर आहे. जिथं ढीग मोठा तिथं माणूस. ४२० म्हणजे ४२० शेतकरी ताटकळलेत. आमच्या कॉल सेंटरला हाच नियम होता.

जुना_सर्व्हिसवाला:
भावा, ढिगाच्या उंचीवरून किती वेळ थांबावं लागतंय ते कळत नाही. पेंडिंगला रोजच्या जावकेनं भागून बघ. नवी नोंद ४२० भागिले १४०, म्हणजे तीन दिवस. वॉरंटी १६० भागिले ३०, पाच दिवसांच्या वर. सुटे भाग ९५ भागिले १२, जवळजवळ आठ दिवस. ज्या रांगेचा आकडा सगळ्यात मोठा, तिथंच माणूस सगळ्यात कमी थांबतोय.

आपल्या कोल्हापुरात हे कुणाला शिकवायला नको खरं. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळे बघतात, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पण नुसती पातळी ऐकून कोण गप्प बसतं का? राधानगरीचे किती दरवाजे उघडलेत, वर पाऊस चालू आहे का, हे लगेच विचारतो. पेंडिंग म्हणजे पातळी. आवक-जावक म्हणजे उद्या पातळी कुठं जाणार ते. नव्या नोंदीची पातळी उंच आहे पण स्थिर आहे. वॉरंटीत रोज आठचा फरक पडतोय.

राजारामपुरीचा_भावा:
हे पटलं. मग तर उघडच झालं की, सुटे भागवाल्यांना माणसं द्या. आठ दिवस, वर ६० जुन्या. एजिंग चार्टमध्ये लाल पट्टा तोच असणार.

पंचगंगेकाठी:
हो, लाल पट्टा तिथंच आहे. पण त्याच रांगेचा तक्रार बंद व्हायचा सरासरी वेळ चार दिवस दाखवतो. म्हणून मी गोंधळले.

जुना_सर्व्हिसवाला:
ताई, तो चार दिवसांचा आकडा फक्त बंद झालेल्या तक्रारींचा असतो. सोप्या येतात, चार दिवसांत जातात, सरासरी छान दिसते. अडकलेल्या ६० त्या हिशेबात येतच नाहीत, बंद होतील तेव्हा येतील. त्या बंद होतील त्या महिन्यात सरासरी अचानक वाढेल आणि लोक विचारतील, काम बिघडलं का? प्रत्यक्षात त्या महिन्यात काम सुधारलेलं असेल.

आता ६० बद्दल. एजिंग चार्ट वय सांगतो, कारण सांगत नाही. माणूस द्यायच्या आधी त्या साठातल्या कुठल्याही दहा उघडा आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: आत्ता या क्षणी ही कुणाच्या हातची वाट बघतेय?

कागलची_मुग्धा:
माफ करा, मध्येच विचारते. जादा माणसं हवीत म्हणताय तर जागा आहेत का? माझ्या भावाचा आयटीआय झालाय, वायरमन.

पंचगंगेकाठी:
मुग्धाताई, ही दोन माणसं आमच्याच दुसऱ्या विभागातून येणार आहेत, भरती नाही. पण नाव कळवा, पुढं निघाली तर सांगते.

दादा, दहा उघडल्या, तासभर लागला. सातांत पार्टच आलेला नाही. मेकॅनिकल सील आणि इम्पेलर, दोन्ही एकाच पुरवठादाराकडून येतात आणि त्याच्याकडंच माल नाही. दोन ठिकाणी शेतकरी फोन उचलत नाहीत. एकच तक्रार अशी निघाली की पार्ट आलाय, सगळं तयार आहे आणि आमच्याकडून कुणी हातच लावला नाही.

जुना_सर्व्हिसवाला:
म्हणजे तिथं दोन माणसं बसवली तर दिवसभर त्याच पुरवठादाराला फोन करतील. ती रांग माणसांअभावी तुंबलेली नाही, मालाअभावी तुंबलीय. आवक बारा, जावक बारा, म्हणजे नव्या तक्रारींना हात पुरतायत. त्या ६० ची यादी पार्टप्रमाणे लावा आणि खरेदी विभागाकडं द्या. ‘पार्टच्या प्रतीक्षेत’ असा वेगळा शेरा करून त्या चार्टवर वेगळ्या रंगात दाखवा, नाहीतर पुढच्या सोमवारी परत कुणीतरी तिथं माणूस मागेल.

आता वॉरंटीचं सांगा. मागच्या तीन सोमवारचे एजिंगचे पट्टे आहेत का? सोमवार ते सोमवारच घ्या. रविवारी तक्रारी येत राहतात आणि कुणी काढत नाही, त्यामुळं सोमवार-शुक्रवार अशी तुलना केली की खोटा उतार दिसतो.

पंचगंगेकाठी:
आहेत. कामाच्या दिवसांत मोजलेत.
दोन आठवड्यांपूर्वी ६४: दोन दिवसांपर्यंतच्या ६२, तीन ते पाच दिवसांच्या २, त्यापुढं काही नाही.
गेल्या सोमवारी ११२: ९६, १६, शून्य.
आज १६०: ९८, ५३, ९.

जुना_सर्व्हिसवाला:
उत्तर यातच आहे. पहिला पट्टा ९६ वरून ९८, म्हणजे थबकला. तो आवकेपेक्षा मोठा होऊच शकत नाही, तीन दिवसांत येतील तेवढ्याच त्यात बसणार. तो भरला की पुढची वाढ उजवीकडं सरकते. सोळाच्या ५३ झाल्या आणि पाच दिवसांपुढच्या पहिल्यांदाच ९ दिसल्या. एकदाच आलेला लोंढा असता तर तो फुगवटा एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकला असता आणि मागचा पट्टा मोकळा झाला असता. तुमचा मागचा पट्टा भरलेलाच आहे.

शेतकऱ्याला किती दिवसांची हमी दिलीय?

पंचगंगेकाठी:
सात दिवस. पुराआधी वॉरंटीची आवक रोज २९-३० होती. नदीकाठच्या मोटारी वेळेत वर काढता आल्या नाहीत, त्याच बहुतेक येतायत. महिन्याभरात ओसरेल असं वाटतं. मग थांबू का?

जुना_सर्व्हिसवाला:
थांबू नका. रोज ३० निघतात तर सात दिवसांत २१० निघतील, म्हणजे रांग २१० वर गेली की हमी मोडली. आज १६० आहेत, रोज आठ वाढतात, सहा दिवस हातात आहेत. चार्ट लाल होईल तो त्यानंतर.

आणि आवक परत तीसवर आली तरी साठलेलं आपोआप जात नाही. तीस येणार, तीस जाणार आणि दोनशेचा ढीग दिवाळीपर्यंत तसाच बसणार. पूर ओसरला तरी गाळ कुणीतरी काढावाच लागतो.

एक माणूस दिवसाला किती काढतो?

पंचगंगेकाठी:
दहाच्या आसपास. तिघं आहेत.

जुना_सर्व्हिसवाला:
मग एक दिला तर जावक ४०, आवक ३८. रोज दोनच कमी होणार. ढीग दोन दिवसांच्या आवकेएवढा, म्हणजे ७६ वर आणायचा तर ८४ काढायच्यात, ४२ दिवस गेले. दोघं दिले तर रोज १२ कमी होतात, सात दिवसांत काम झालं. एक आणि दोन यात फरक दुपटीचा नाही, सहापट आहे. दोघंही वॉरंटीवर.

राजारामपुरीचा_भावा:
दादा, एवढं सोपं नसतं. आमच्याकडं नवीन पोरं घेतली त्या आठवड्यात काम उलट घटलं होतं.

जुना_सर्व्हिसवाला:
बरोबर बोललास, हे मी सांगायला हवं होतं. वॉरंटीत सीरियल नंबर, बिल आणि जळालेल्या वाइंडिंगचा फोटो बघून ठरवावं लागतं, दोष कंपनीचा की व्होल्टेजचा. पहिल्या आठवड्यात नवीन माणूस चार-पाच काढेल आणि शिकवणाऱ्याचे दोन-तीन कमी होतील. तीसमधून तीन वजा, नऊ मिळवा, ३६. आवक ३८. म्हणजे माणसं देऊनही पहिला आठवडाभर ढीग किंचित वाढणार. साहेबांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाचव्या दिवशी दोघांना उचलून नव्या नोंदीवर नेतील.

राजारामपुरीचा_भावा:
त्यापेक्षा नोंदीवरची दोन जुनी माणसं वॉरंटीला घ्या आणि नवीन दोघांना नोंदीवर. नोंद दोन दिवसांत जमते.

जुना_सर्व्हिसवाला:
मी असं करणार नाही. नोंदीत आवक-जावक बरोबरीत आहे, फट नाही. तिथं थोडं घटलं तर दिवसाला वीस-तीसनं साठत जाईल. पण ताई, तुमची माणसं तुम्ही ओळखता.

लॅबवाली_इचलकरंजी:
माझा अनुभव वेगळ्या क्षेत्रातला आहे, तरी सांगते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. आमच्या स्क्रीनवर सगळे नमुने ‘एक दिवस’ वयाचे दिसायचे आणि पेशंट मात्र चार दिवस झाले म्हणून भांडायचे. नमुना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला की वय शून्यापासून सुरू व्हायचं. तुमच्या चार्टमध्ये वय कुठल्या तारखेपासून धरतात ते एकदा बघाल का?

पंचगंगेकाठी:
ताई, आत्ता बघितलं. वय `Assigned Date` पासून मोजलंय, `Created Date` पासून नाही.

शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची तक्रार उघडून बघितली. वॉरंटीच्या चार्टवर वय पाच दिवस. नोंद झालेली आठ दिवसांपूर्वी. नोंदीतले तीन दिवस कुठंच दिसत नाहीत आणि हमी तर नोंदीपासून सातच दिवसांची आहे. सहा दिवस हातात आहेत असं आपण धरलं होतं, ते नाहीतच.

जुना_सर्व्हिसवाला:
मग माझा हिशेब दुरुस्त करायला हवा. वॉरंटीला सातातले चारच दिवस उरतात, म्हणजे मर्यादा १२०. ती गेल्याच आठवड्यात ओलांडली. दोघं वॉरंटीवर, हे तसंच राहतं, पण नव्या नोंदीचे ते तीन दिवसही आता मोफत नाहीत. भावाचं पहिलं म्हणणं पूर्ण चुकीचं नव्हतं.

राजारामपुरीचा_भावा:
नोंदीत तीन दिवस का लागतात पण? दहा मिनिटांचं काम आहे ते.

पंचगंगेकाठी:
रोज जेवढ्या येतात तेवढ्या निघतात, पण मागं ४२० चा साठा कायमचा राहिलाय. जूनमध्ये सर्व्हर दोन-तीन दिवस बंद होता तेव्हा साठला, मग कुणी काढलाच नाही. दादा म्हणाले तो गाळच.

उद्या दोघांना वॉरंटीवर मागते. नोंदीच्या टीमला दोन रविवार ओव्हरटाइम विचारते, साठा एकदाच काढायला. तयार होतील का, बघू. चार्टचं वय `Created Date` वर आणायला आयटीला मेल केलाय. तसं झालं की परवा सगळेच पट्टे एकदम लाल होतील, ते साहेबांना कसं सांगायचं हे कुणाला सुचलं तर लिहा.