गुडमन की सोडरबर्ग? १०० ते ५०० न्यूटन-मीटरचा शाफ्ट

उद्यमबागवाला: प्रेसच्या लिव्हरखालचा शाफ्ट करायचाय. वाकवणारा मोमेंट १०० ते ५०० न्यूटन-मीटर, सतत वरखाली. ईएन-८ पोलाद, सर्टिफिकेटवर अंतिम ताकद ६३०, यील्ड ३८० एमपीए. खांद्याला ताण वाढवणारा केएफ १.६, सुरक्षा गुणांक २. गुडमनने ३५ मिमी येतो, मालक सोडरबर्ग म्हणतात. थकव्याच्या हिशोबात तुम्ही कोणती रेघ घ्याल?

शहापूरचा टर्नर: एवढी आकडेमोड कशाला? जास्तीत जास्त ५०० धरा, यील्डच्या निम्म्यावर ठेवा. ३० मिमी पुरतो.

खानापूरकर: ३० एका दिवसात मोडणार नाही, एवढं तुमचं बरोबर. पण ३० ला बदलता ताण ७५, खांद्यामुळे १२१. मध्य ताण ११३. ६३० च्या निम्म्यात टर्निंगचा पृष्ठभाग, आकार आणि ९९ टक्के खात्री यांची वजावट केली की सहनमर्यादा २०० उरते. १२१ भागिले २००, अधिक ११३ भागिले ६३०, म्हणजे ०.७८. गुणांक १.२८ च राहिला. त्यात तुम्ही खांद्याची गोलाई टोकदार टूलने मारली आणि केएफ २.३ झाला, की बेरीज १.०५ वर जाते. बिंदू रेघेबाहेर! व्यास तोच, पण शाफ्ट काही लाख फेऱ्यांत मोडू शकतो.

निपाणीकर: आमच्या उसाच्या चरकाचा शाफ्ट असाच गेला. तुटलेल्या तोंडावर एका बाजूने गुळगुळीत चंद्रकोरी, उरलेला तुकडा खडबडीत. तिथं मध्य ताण किती धरायचा, अण्णा?

खानापूरकर: शून्य. तुमचा शाफ्ट फिरतो. भार एकाच दिशेने असला तरी पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू अर्ध्या फेरीत ताणला जातो, अर्ध्या फेरीत दाबला जातो. उद्यमबागवाल्यांचा शाफ्ट फिरणारा असेल तर सगळे ५०० बदलत्या बाजूला जातील आणि व्यास ४३ च्या पुढं जाईल. आधी ते सांगा, मग रेघेवर भांडू.

उद्यमबागवाला: फिरत नाही. दोन्ही टोकं पक्की, लिव्हर बुशवर हलतो.

खानापूरकर: मग ३५ पटतो. सोडरबर्ग मध्य ताणाला ६३० ऐवजी ३८० ने भागतो, म्हणून ३६.५ येतो. पण ३५ ला कमाल ताण ११९ च आहे, यील्डच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. ती भीती इथं नाहीच. व्यास दीड मिलिमीटर वाढवण्यापेक्षा खांद्याची गोलाई वाढवा, ड्रॉइंगवर लिहा आणि रेडियस गेजने तपासा.

हिंडलगेकर: मला नाही पटत. प्रेस अडकला तर ५०० चे ७०० होतील. ३८ घ्या.

खानापूरकर: मग ७०० चा भारच गणितात घाला ना. रेघ बदलून भाराची शंका झाकू नका. ५०० मोजलाय का?

उद्यमबागवाला: पंपाच्या प्रेशरवरून काढलाय. मोजलेला नाही.

हिंडलगेकर: बघा, तेच म्हणतोय मी.