शब्दचर्चा : स्नायू क्रिएटीनला 'प्रतिसाद' देतात म्हणजे नेमके काय करतात?

बोरूबहाद्दर

एका क्रीडाविषयक लेखाचा अनुवाद करत असताना मी पुढील वाक्य लिहिले : 'ज्या स्नायूंमध्ये जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक असतात, ते स्नायू क्रिएटीनला अधिक प्रतिसाद देऊ शकतात.' संपादकांनी त्यातील 'प्रतिसाद' हा शब्द अधोरेखित करून समासात विचारले आहे, की प्रतिसाद म्हणजे या स्नायूंत क्रिएटीन जास्त साठते, त्यांची ताकद जास्त वाढते की ते आकाराने जास्त फुगतात? मूळ लेखकाने हे कुठेच उलगडून सांगितलेले नाही. शब्द बदलायला माझी हरकत नाही, पण पेशीत प्रत्यक्ष काय घडते हे कळल्याशिवाय बदलायचा कसा?

सोलकढी

'अधिक क्रिएटीन साठवतात' असे सरळ लिहा, म्हणजे प्रश्न मिटेल. जलद तंतूंमध्ये मुळातच क्रिएटीनची टाकी मोठी असते. मोठ्या टाकीत जास्त पाणी मावते, तसे या तंतूंत जास्त क्रिएटीन मावते. व्यायामशाळेतील प्रशिक्षकही हेच सांगतात.

प्रयोगवही

सोलकढी यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. विश्रांतीच्या वेळी जलद तंतूंमध्ये मंद तंतूंपेक्षा फॉस्फोक्रिएटीन, म्हणजे फॉस्फेट जोडलेले क्रिएटीन, काहीसे जास्त आढळते. परंतु टाकी आधीच जास्त भरलेली असेल, तर तिच्यात नव्याने मावणारे पाणी कमीच असणार. मानवी स्नायूंवरील अभ्यासांत सर्वांत ठळकपणे दिसलेली गोष्ट अशी, की ज्यांचा साठा सुरुवातीला कमी असतो, त्यांच्यात भर जास्त पडते. हॅरिस, सोडरलुंड आणि हल्टमन यांनी 1992 मध्ये हे दाखवले. कोरड्या स्नायूच्या दर किलोमागे सर्वसाधारण माणसात एकूण क्रिएटीन सुमारे 120 मिलिमोल असते आणि पूरक क्रिएटीन घेतल्यावर ते फार तर 160च्या आसपास जाऊन थांबते. त्यामुळे केवळ साठवणुकीच्या अंगाने पाहिले, तर जलद तंतूंचे पारडे जड का असावे हे आपोआप स्पष्ट होत नाही.

माझ्या मते खरा फरक साठ्यात नसून खर्चाच्या वेगात आहे. आकुंचनासाठी मायोसिन हे प्रथिन एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे विघटन करते, आणि जलद तंतूंतील मायोसिन ते मंद तंतूंतील मायोसिनपेक्षा कित्येक पटींनी वेगाने करते. पेशीत तयार एटीपी मात्र अगदी थोडे असते, कोरड्या स्नायूच्या किलोमागे सुमारे 24 मिलिमोल. जिवाच्या आकांताने धावताना मांडीच्या स्नायूत दर सेकंदाला दहा मिलिमोल किंवा त्याहूनही अधिक एटीपी खर्च होते. भरपाई झाली नाही तर हा साठा दोन-तीन सेकंदांत संपेल, आणि पेशी ते घडू देत नाही. क्रिएटिन कायनेझ हे विकर फॉस्फोक्रिएटीनवरील फॉस्फेट उचलून एटीपीच्या विघटनातून उरलेल्या एडीपीला देते आणि एटीपी जागच्या जागी पुन्हा तयार होते. हे एकाच टप्प्यात होते, त्याला प्राणवायू लागत नाही आणि ग्लायकोजेन मोडण्याची वाट पाहावी लागत नाही. हे विकर जलद तंतूंच्या पेशीद्रवात मुबलक असते आणि त्याचा काही भाग थेट आकुंचनाच्या यंत्रणेलाच चिकटलेला असतो.

मंद तंतूंत मागणी संथ असते आणि मायटोकॉन्ड्रिया भरपूर असतात, त्यामुळे पुरवठा मागणीच्या बराच बरोबरीने चालतो. तेथे क्रिएटीनचे मुख्य काम मायटोकॉन्ड्रियातील ऊर्जा आकुंचनाच्या जागेपर्यंत पोहोचवण्याचे असते. संकटकाळी उपसायचा साठा म्हणून त्याची गरज तिथे क्वचितच पडते. म्हणून भर दोन्ही प्रकारच्या तंतूंत पडते, पण जोरकस श्रमांत तिचा उपयोग जलद तंतूंत जास्त दिसतो.

अण्णा_नाशिक

माझ्या रक्ताच्या अहवालात क्रिएटिनिन 1.3 आले आहे. म्हणजे माझ्या स्नायूंत जलद तंतू जास्त आहेत असे समजायचे का? माझे वय 61 असून मी कोणतीही पावडर घेत नाही.

प्रयोगवही

अण्णा, क्रिएटीन आणि क्रिएटिनिन हे दोन वेगळे पदार्थ आहेत. स्नायूंतील क्रिएटीनचा थोडासा भाग, मोठ्या माणसात दिवसाला साधारण दोन ग्रॅम, कोणत्याही विकराविना क्रिएटिनिनमध्ये बदलतो आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. रक्तातील आकड्यावरून तंतूंचा प्रकार कळत नाही. तो आकडा मूत्रपिंडांच्या संदर्भात वाचायचा असतो, तेव्हा अहवाल डॉक्टरांना दाखवावा.

बोरूबहाद्दर

खर्चाच्या वेगाचा मुद्दा मला पटला. पण माणसाच्या स्नायूतील दोन्ही तंतू वेगळे काढून कोणी हे पाहिले आहे का? नाहीतर संपादक पुन्हा समासात लिहितील.

प्रयोगवही

पाहिले आहे. केसी आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये नऊ पुरुषांवर प्रयोग केला. प्रत्येकाने स्थिर सायकलवर 30 सेकंद संपूर्ण जोर लावायचा, चार मिनिटे थांबायचे आणि पुन्हा 30 सेकंद तेवढाच जोर लावायचा. क्रिएटीन घेण्यापूर्वी एकदा आणि रोज 20 ग्रॅमप्रमाणे पाच दिवस घेतल्यानंतर एकदा अशी ही चाचणी झाली. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूचे सुईने नमुने घेऊन त्यातील तंतू एकेक करून वेगळे केले आणि प्रकारानुसार त्यांचे मापन केले. एकूण काम सुमारे 4 टक्क्यांनी वाढले. फॉस्फोक्रिएटीन दोन्ही प्रकारच्या तंतूंत वाढले होते, परंतु कामातील सुधारणेचा संबंध जुळला तो जलद तंतूंतील वाढीशी.

याचा हिशेब मांडून पाहा. समजा, एकूण क्रिएटीन 120वरून 145वर गेले. ही सगळी भर फॉस्फोक्रिएटीनच्या रूपात नसते, बरीचशी मोकळ्या क्रिएटीनच्या रूपात राहते. फॉस्फोक्रिएटीन 75वरून 85वर गेले असे धरले, तर हाती आलेले दहा मिलिमोल म्हणजे पूर्ण जोराच्या श्रमाचा जेमतेम एक सेकंद. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. पण तीस सेकंदांच्या श्रमांत जलद तंतूंतील फॉस्फोक्रिएटीन जवळजवळ तळाला जाते, तर मंद तंतूंत बऱ्यापैकी शिल्लक राहते. साठा तळाला जातो तिथेच एक सेकंदाची भर मोलाची ठरते. शिवाय विश्रांतीत फॉस्फोक्रिएटीन पुन्हा भरून येण्याचा वेग जलद तंतूंत मंद असतो, आणि मोकळे क्रिएटीन जास्त असल्यास ही भरपाई वेगाने होते असे आढळले आहे. म्हणून एकाच धावेपेक्षा वारंवार केलेल्या धावांत फरक अधिक दिसतो.

कबड्डीतली चढाई 30 सेकंदांचीच असते, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. मात्र चढाईचा बराचसा वेळ चकवण्यात जातो आणि पूर्ण जोर शेवटच्या झटापटीत लागतो, म्हणून सायकलचा निष्कर्ष तिथे जसाच्या तसा लावू नये.

डोंगरवाट

मी शाकाहारी आहे आणि अर्धमॅरेथॉन धावतो. सलग काही आठवडे रोज तीन ग्रॅम क्रिएटीन घेतले. वजन किलोभर वाढले, पण धावण्याची वेळ जशीच्या तशी राहिली. माझ्या स्नायूंनी प्रतिसाद दिला नाही असे म्हणायचे का? म्हणजे माझे तंतू मंदच असणार.

प्रयोगवही

आपल्या उदाहरणाने 'प्रतिसाद' या शब्दाची अडचण उघडी पडते. मांस आणि मासे हेच आहारातील क्रिएटीनचे मुख्य स्रोत असल्यामुळे शाकाहारी माणसाचा साठा सहसा कमी असतो. त्यामुळे आपल्या स्नायूंत भर बहुधा चांगलीच पडली असावी. रोज तीन ग्रॅमप्रमाणे सुमारे चार आठवड्यांत तितकीच भर पडते, जितकी रोज 20 ग्रॅमप्रमाणे सहा दिवसांत पडते. क्रिएटीनसोबत पेशीत पाणी शिरते आणि किलोभर वजन वाढण्यामागे ते असू शकते, पण वजनकाट्यावरून हे सिद्ध होत नाही. धावण्याची वेळ सुधारली नाही, कारण अर्धमॅरेथॉनच्या संथ, दीर्घ श्रमांत तो साठा उपसण्याची वेळच फारशी येत नाही. साठवणुकीच्या अर्थाने आपल्या स्नायूंनी प्रतिसाद दिला, कामगिरीच्या अर्थाने दिला नाही. यावरून आपल्या तंतूंचा प्रकार मात्र ठरवता येणार नाही.

सोलकढी

माझी टाकी तुम्ही फोडलीत, पण मग एक सांगा. जलद तंतू जास्त असलेल्या लोकांत साठाही जास्त वाढतो, असे मी वाचले आहे. ते खोटे म्हणायचे?

प्रयोगवही

खोटे नाही, पण पाया लहान आहे. सायरोटुइक आणि बेल यांनी 2004 मध्ये 11 पुरुषांना पाच दिवस क्रिएटीन दिले. तिघांत साठा भरपूर वाढला, पाच जण मध्ये राहिले आणि तिघांत फारशी वाढ झाली नाही. भरपूर वाढ झालेल्यांत जलद तंतूंचे प्रमाण अधिक होते, तंतूंची जाडीही अधिक होती आणि सुरुवातीचा साठा कमी होता. आता या तिन्हींपैकी नेमके कारण कोणते, हे तिघांच्या गटावरून कसे ठरवणार? त्यातच उंदरांच्या स्नायूंत क्रिएटीन आत घेणारे वाहक प्रथिन मंद, लाल स्नायूंत जास्त आढळते आणि तेथील शोषणाचा वेगही जास्त असतो. हे प्रथिन सोडियमच्या ओढीने क्रिएटीन आत खेचते. या निष्कर्षावरून पाहिले, तर जलद तंतूंनी साठा वाढवण्यात मागे राहायला हवे होते. प्रवेशाचा वेग आणि साठ्याची कमाल मर्यादा या वेगळ्या गोष्टी आहेत, असे म्हणून ही विसंगती काहीशी सोडवता येते. मला ती पूर्ण सुटलेली वाटत नाही.

शब्दसाक्षी

आता क्रियापदाविषयी. 'प्रतिसाद देऊ शकतात' यातून स्नायूंची क्षमता व्यक्त होते आणि लेखकाची शंका झाकली जाते. वरील चर्चा पाहता येथे शंका दिसायला हवी. 'देत असावेत' किंवा 'देण्याची शक्यता आहे' असे लिहावे. आजकाल सगळीकडे 'शकते' लिहिले जाते, 'पाऊस पडू शकतो' म्हणतात, जणू पावसाला परवानगी मिळाली आहे.

बोरूबहाद्दर

मग मी असे लिहितो : 'ज्या स्नायूंमध्ये जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक असतात, त्यांना तीव्र आणि वारंवार केलेल्या श्रमांत क्रिएटीनचा लाभ अधिक होत असावा, कारण या तंतूंतील फॉस्फोक्रिएटीन लवकर संपते.' साठवणुकीविषयी वेगळे वाक्य देतो आणि त्यात पुरावा अपुरा असल्याचे नमूद करतो.

शब्दसाक्षी

'लाभ'ऐवजी 'परिणाम' बरा. लाभ म्हटले की वाचक थेट दुकान गाठतो.

प्रयोगवही

'परिणाम' लिहिलेत तर संपादक पुन्हा विचारतील, कशावर परिणाम? मी 'लाभ'च ठेवीन आणि श्रमांचा प्रकार वाक्यातून गाळू देणार नाही. पोटरीतील आतल्या सोलियस स्नायूत मंद तंतूच बहुसंख्य असतात. निव्वळ त्या स्नायूचे तीव्र श्रम घेऊन तंतूनिहाय मोजमाप केलेला अभ्यास कोणाच्या पाहण्यात असल्यास येथे जरूर सांगावे. मांडीच्या ज्या स्नायूवर बहुतेक सगळे निष्कर्ष उभे आहेत, त्यात दोन्ही तंतू साधारण निम्मे-निम्मे असतात, त्यामुळे 'ज्या स्नायूंमध्ये' हे बोरूबहाद्दर यांच्या वाक्यातील पहिले दोन शब्द मला अजूनही थोडे धाडसी वाटतात.